काजूगराच्या ड्रायरचं रिले ट्यूनिंग : चुकांसकट नोंदी

५ एप्रिल

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ताई-भाऊजींचं छोटं काजू युनिट आहे. फोडलेला गर तांबड्या सालीसकट ड्रायरमध्ये ७० अंशांवर सुकवायचा, मग साल हाताने सुटते. पत्र्याचं कपाट, आत आठ ट्रे, तळाला २००० वॅटचा हीटर, वर पंखा. तापमान सांभाळायला जुना थर्मोस्टॅट. तो ६४ ला चालू होतो, ७६ ला बंद होतो, आणि बंद झाल्यावरही हीटरमधली धग काटा ८० च्या पुढे नेते. वरच्या ट्रेमधला गर पिवळा पडतो, तो कमी भावात जातो. भाऊजी म्हणाले, "अरे, तू तिकडे फॅक्टरीत हेच करतोस ना? मग घरचं बघ की एकदा."

ठरवलं की एसएसआर, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवायचा आणि आर्डुइनो नॅनोवर पीआयडी चालवायचा. पीआयडी म्हणजे आत्ताचा फरक, साचलेला फरक आणि फरक बदलण्याचा वेग, अनुक्रमे प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह, या तिघांवरून हीटर किती चालवायचा ते ठरवणारा हिशेब. हीटर एका सेकंदाच्या खिडकीत टक्क्यांनी चालणार, म्हणजे ४० टक्के म्हटलं की सेकंदातले ०.४ सेकंद चालू. सेन्सर के-टाइप थर्मोकपल आणि `MAX6675` बोर्ड, कारण दोन्ही खणात पडून होते. नवीन खर्च एसएसआर आणि हीटसिंक मिळून ७८० रुपये.

पीआयडीचे तीन आकडे अंदाजाने टाकून बघत बसणार नाही. रिले पद्धतीने काढणार. स्वीडनमधल्या लुंडच्या ऑस्ट्रम आणि हेगलुंड यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही युक्ती. गंमत अशी की भाऊजींचा थर्मोस्टॅट इतकी वर्षं नकळत तोच प्रयोग करतो आहे. फक्त कोणी घड्याळ लावून बघितलं नव्हतं.

१२ एप्रिल

प्रयोग सांगायला सोपा आहे. तापमान सेटपॉइंटच्या, म्हणजे हव्या त्या ७० अंशांच्या, खाली असेल तर हीटर `bias + d` टक्क्यांवर, वर गेलं की `bias - d` वर. `bias` म्हणजे मधली पातळी, आणि `d` म्हणजे तिच्यापासून हीटर वर-खाली किती टक्के हलवायचा ते. कपाट उशिरा प्रतिसाद देतं, त्यामुळे तापमान सेटपॉइंटवर थांबत नाही. वर जातं, खाली येतं आणि थोड्या वेळाने एका ठरावीक लयीत झोके घेऊ लागतं. त्या झोक्याचा काळ म्हणजे अंतिम आवर्तकाल `Pu`. झोका किती उंच आहे त्यावरून अंतिम गेन `Ku` निघतो. गेन म्हणजे एका अंशाच्या फरकाला हीटर किती टक्के हलवायचा ते. नुसत्या प्रपोर्शनल कंट्रोलवर गेन वाढवत नेला तर ज्या गेनला झोके ना मरतात ना वाढतात, तो हा गेन. तिथवर हाताने चाचपडत जायचं तर कधी झोके हाताबाहेर जातील सांगता येत नाही. रिलेमध्ये हीटर `d` पेक्षा जास्त हलतच नाही, म्हणून झोकाही आवरलेला राहतो.

कोड एवढाच:

```cpp
if (!on && T < sp - eps) on = true;
if ( on && T > sp + eps) on = false;
out = on ? bias + d : bias - d;
```

`eps` म्हणजे हिस्टेरेसिस. `MAX6675` पाव-पाव अंशांच्या पायऱ्यांनीच आकडा देतो. हिस्टेरेसिस शून्य ठेवला तर सेटपॉइंटजवळ ६९.७५ आणि ७०.०० मध्ये आकडा नाचतो आणि हीटरही त्याच्याबरोबर नाचतो. म्हणून `eps = 0.25` ठेवला.

`bias` अंदाजाने ६० ठेवला, `d` २०. तापमान ७१ च्या वर गेलं, हीटर ४० टक्क्यांवर आला आणि मग काहीच होईना. काटा रखडत रखडत खाली सरकत होता. पाऊण तास वाट पाहिली, चहा झाला, ताईने दोनदा विचारलं की बिघडलं का. शेवटी लक्षात आलं की ७० अंश धरून ठेवायला या कपाटाला साधारण ४० टक्केच लागतात. म्हणजे माझी "खालची" पायरीच मुळी ७० ला तोलून धरणारी होती, मग तापमान खाली येणार कसं? झोका हवा असेल तर वरची पायरी लागणाऱ्यापेक्षा जास्त आणि खालची कमी, हे दोन्ही हवं.

गेलेला वेळ अडीच तास.

१३ एप्रिल

`bias` ४६ केला, `d` तोच २०. आता झोके आले. पहिले दोन सोडून दिले, कारण सुरुवातीचं तापणं त्यात मिसळलेलं असतं. पुढचे चार जवळपास सारखे, पण एकेक झोका लंगडा. हीटर वरच्या पायरीवर १२४ सेकंद, खालच्या पायरीवर २२२ सेकंद.

दोन्ही वेळा सारख्या नसल्या की `bias` चुकलाय. आणि किती चुकलाय तेही याच आकड्यांतून निघतं, वेगळा प्रयोग लागत नाही. वरच्या पायरीचा वाटा १२४ भागिले ३४६, म्हणजे ०.३६. हीटरची सरासरी:

```
46 + 20 × (2 × 0.36 − 1) = 40.4
```

सरासरी ४० टक्क्यांवर कपाट ७० ला तोलून आहे, तर `bias` ४० हवा. काल हे सुचलं असतं तर पाऊण तास काट्याकडे बघत बसलो नसतो.

१९ एप्रिल

`bias = 40`. वर १६३ सेकंद, खाली १६७. आता झोका दोन्ही पायांवर उभा आहे. आवर्तकाल ३३० सेकंद. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यातला फरक कधी १.७५, कधी २.००, सरासरी १.८८ अंश.

इथे मी शेण खाल्लं. सूत्र असं आहे:

```
Ku = 4d / (π × √(a² − eps²))
```

मी `a` च्या जागी १.८८ घातले. `Ku` आला १३.७. त्यावरून काढलेले आकडे घालून ड्रायर चालवला, तर दार उघडून एक ट्रे काढला की तापमान परत यायला पंधरा मिनिटांच्या वर. ताई म्हणाली, "यापेक्षा तो जुना बरा, निदान लगेच तापायचा तरी."

`a` म्हणजे मधल्या रेषेपासून टोकापर्यंतची उंची, टोकापासून टोकापर्यंतची नव्हे. म्हणजे ०.९४. त्याने `Ku` येतो २८, जवळपास दुप्पट. `d` चंही तसंच. मी हीटर २० ने वर आणि २० ने खाली करतो, तर `d` २०, चाळीस नव्हे. दोन्हीकडे एकच चूक केली असती तर ती एकमेकांत विरून गेली असती आणि मला कळलंही नसतं.

सूत्रातला ४ आणि `π` कुठून आला, हे एका वाक्यात: हीटर चौकोनी लाटेसारखा चालतो, पण कपाट इतकं सुस्त आहे की तिच्यातले वेगवान भाग गिळून फक्त मूळ साइन लाट तापमानात उतरवतं, आणि `d` उंचीच्या चौकोनी लाटेतल्या त्या मूळ लाटेची उंची `4d/π` असते. आलेख साइनसारखा गोल दिसत असेल तर सूत्रावर भरवसा ठेवा. करवतीच्या दातासारखा टोकदार दिसला तर `Ku` खरा असतो त्याहून कमी मिळतो. माझा गोल होता.

२० एप्रिल

पुन्हा मोजायला बसलो आणि तिसऱ्या झोक्याला व्होल्टेज पडलं. मीटरवर २३० चे २०५. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे अशा वेळी २००० वॅटचे साधारण १५९० उरतात. लगेच वरची पायरी लांबली, खालची आखूड झाली. अख्खं मोजमाप टाकून दिलं. आता कोडमध्ये एक अट घातली आहे: लागोपाठ तीन झोक्यांचे आवर्तकाल एकमेकांच्या ५ टक्क्यांत असतील तरच आकडा छापायचा. दुपारी साडेतीननंतर व्होल्टेज बरं असतं, म्हणून पुढची रिलेची मोजमापं तेव्हाच.

२६ एप्रिल

पाव अंशाच्या पायऱ्यांचा कंटाळा आला. पीटी-१०० सेन्सर आणि `MAX31865` बोर्ड आणला, १३५० रुपये. हा ०.०३ अंशापर्यंत दाखवतो. सेन्सर त्याच सहा मिलिमीटरच्या नळीत बसवला. जाड नळी बदलली की सेन्सरची सुस्ती बदलते, आणि ती सुस्तीही `Ku`, `Pu` मध्ये मोजली जाते. पीटी-१०० दोन वायरचा आलाय, बोर्डवरचे जंपर सोल्डर करायचे विसरलो आणि अर्धा तास आकड्याऐवजी फॉल्ट वाचत बसलो.

कोड तोच, `eps` तोच. निकालही तोच: २८ आणि ३३२ सेकंद. सेन्सर बदलून आकडा हलला नाही, म्हणजे आकडा पक्का, असं समजून झोपलो.

२७ एप्रिल

सकाळी शंका आली. एवढं सगळं सूत्रावर चाललंय, एकदा जुन्या पद्धतीने पडताळून का बघू नये? झिग्लर आणि निकोल्स यांची १९४२ ची पद्धत: इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह बंद, `bias` ४० ठेवून फक्त प्रपोर्शनल गेन वाढवत जायचा. प्रत्येक गेनला चार-पाच झोके बघावे लागतात, म्हणजे वीस मिनिटं. २८ ला तर झोके तिसऱ्याच फेरीत मेले. ३४ ला मेले. ३८ ला हळूहळू मेले. ४४ ला वाढत गेले आणि हीटर शून्याला जाऊन आपटू लागला. ४१ ला एकसारखे राहिले. आवर्तकाल २५८ सेकंद.

सकाळी नऊ ते दुपारी दीड, आणि वीज वेगळी.

आता प्रश्न हा की रिले म्हणतो २८ आणि ३३०, प्रत्यक्षात ४१ आणि २५८. थोडाफार फरक समजू शकतो, पण हा फरक दीडपटीच्या आसपास आहे. `a` बरोबर, `d` बरोबर, झोका समतोल, आलेख गोल. मग चुकतंय कुठे?

३ मे

आठवडाभर डोक्यात तेच. उत्तर `eps` मध्ये निघालं.

मी समजत होतो की सूत्रातल्या वर्गमुळात `eps` वजा केला की हिस्टेरेसिसचा हिशेब मिटला. तो मिटत नाही. हिस्टेरेसिस असलेला रिले तापमानाने ७० ओलांडल्यावर लगेच पालटत नाही, पाव अंश पुढे गेल्यावर पालटतो. म्हणजे दर वेळी थोडा उशीर करतो. झोका सुरू राहायला संपूर्ण वर्तुळात अर्ध्या फेरीचा, १८० अंशांचा उशीर लागतो. त्यातला काही उशीर रिलेनेच केला, तर कपाटाच्या वाट्याला तेवढा कमी येतो. किती, ते असं:

```
asin(eps / a) = asin(0.25 / 0.94) ≈ 15°
```

म्हणजे मी कपाटाचा १८० अंशांचा बिंदू मोजतच नव्हतो, १६५ अंशांचा मोजत होतो. तो बिंदू जास्त संथ लयीवर असतो, म्हणून आवर्तकाल ३३०. आणि संथ लयीत कपाट हीटरला जास्त प्रतिसाद देतं, म्हणून गेन लहान. वर्गमूळ फक्त उंचीची दुरुस्ती करतं, बिंदू जागेवर परत आणत नाही. सेन्सर बदलून आकडा का हलला नाही, हेही आता कळलं: मी `eps` बदललाच नव्हता. दोन वेळा तीच चूक मोजून तिला पक्का आकडा म्हणालो.

उपाय म्हणजे `a` च्या मानाने `eps` छोटा ठेवणं. ते दोन बाजूंनी करता येतं. नव्या सेन्सरचा आकडा जेमतेम ०.०५ ने हलतो, म्हणून `eps` ०.२५ वरून ०.१ वर आणला. आणि झोका मोठा व्हावा म्हणून `d` २० वरून ३५ केला, हीटर आता ५ आणि ७५ टक्क्यांमध्ये. गराला हा झोका सोसतो, सव्वा अंशाने काही पिवळं पडत नाही.

साडेतीनला सुरू केलं, सव्वापाचला निकाल:

```
Pu = 277 s    a = 1.22    Ku = 36.6
```

आता रिलेचा स्वतःचा उशीर पाच अंशांच्या खाली. ४१ नाही आला, पण चूक सुरक्षित बाजूला आहे. कमी गेनवर लूप शांतच राहतो. पुढे `eps` आणखी कमी करून बघितला, ०.०४ वर हीटर सेटपॉइंटजवळ फडफडू लागला. सेन्सरच्या फडफडीएवढी ही खालची हद्द, `a` चा दहावा भाग ही वरची. या दोन्हींमध्ये `eps` बसत नसेल तर `d` वाढवा.

४ मे

आकडे पीआयडीमध्ये भरले. `PID_v1` लायब्ररी वापरतो. आधी झिग्लर-निकोल्सचा जुना नियम: गेन `0.6 Ku`, म्हणजे २२. इंटिग्रलचा वेळ `Pu/2`, १३८ सेकंद. डेरिव्हेटिव्हचा `Pu/8`, ३५ सेकंद.

हीटर पूर्ण चालू, पूर्ण बंद, पूर्ण चालू. चूक पुन्हा माझीच. लायब्ररीला वेळ नको असतो, गेन हवा असतो. मी `Ki` च्या जागी १३८ लिहिले होते, हवे होते ०.१६:

```
Ki = Kp / Ti
Kd = Kp × Td
```

ते सुधारल्यावर चाललं, पण थंड कपाटातून तापताना ७४.५ पर्यंत उडी मारून आला आणि दार उघडलं की चार-पाच हेलकावे. तो नियम बनवणाऱ्यांना लवकर सावरणारा लूप हवा होता, थोडे हेलकावे त्यांना चालायचे. माझ्या गराला ते चालत नाहीत. म्हणून टायरस-लायबेनचा नियम घेतला: गेन `Ku/2.2`, इंटिग्रलचा वेळ `2.2 Pu`, डेरिव्हेटिव्हचा `Pu/6.3`.

```cpp
pid.SetTunings(16.6, 0.027, 730);
pid.SetSampleTime(5000);
```

दुसऱ्या ओळीतला आकडा नंतर वाढवला. सॅम्पल एका सेकंदाचा होता तेव्हा सेन्सरची ०.०३ ची एक पायरी ७३० ने गुणली जाऊन हीटर २२ टक्क्यांनी दचकायचा. पाच सेकंदांवर तो दचका साडेचार टक्क्यांवर आला. आता तापताना कमाल ७१.४, आणि दार उघडून बंद केलं की एक खोलगा आणि सरळ परत.

१७ मे

सहा लॉट झाले. ओला गर भरला की सुरुवातीच्या दोन तासांत पाणी उडवण्यात उष्णता जाते, हीटर ५२-५३ टक्क्यांवर राहतो, मग उतरत ४० वर येतो. इंटिग्रल ते सांभाळतो, पुन्हा ट्यूनिंग लागलं नाही. मात्र रिलेचा प्रयोग ओल्या लॉटवर करू नका. `bias` प्रयोग चालू असतानाच सरकत राहतो आणि झोका लंगडा होतो. मी कमी भावाचा, आधीच सुकलेला गर सगळ्या ट्रेमध्ये भरून केला होता. रिकाम्या कपाटावरही करू नका, भरलेल्याची सुस्ती वेगळी असते.

पिवळा गर आता वरच्या ट्रेमध्येही निघत नाही. भाऊजींनी जुना थर्मोस्टॅट फेकला नाही, ८५ वर लावून हीटरच्या वायरमध्ये ठेवला आहे. एसएसआर बिघडला की तो बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो, तेव्हा हा थर्मोस्टॅट वीज तोडेल. ही त्यांची अक्कल, माझी नव्हे.

८ जून

काजू संपले, पाऊस धरला. ताईला आता त्याच कपाटात कोकमाची सालं सुकवायची आहेत, ५५ अंशांवर. रिले पुन्हा चालवला आणि पहिल्याच फेरीत अडलो: ५५ ला `bias` फक्त २५ लागतो, त्यातून ३५ वजा केले तर उणे १०. हीटर उणे चालत नाही, तो शून्यावर कापला जातो आणि सूत्रातला `d` खोटा ठरतो. `d` २० वर आणला, त्याबरोबर `eps` ०.०६. निकाल ३६ आणि २८० सेकंद, म्हणजे काजूचेच. आकडे बदलले नाहीत. फक्त सेटपॉइंट ५५ केला, आणि ताईने सांगितलं म्हणून सालं आतून मीठ लावूनच ट्रेमध्ये घातली. आता मिठाच्या हवेत सेन्सरची नळी किती टिकते ते बघायचं आहे.